त्यानं केलं, की त्याच्यासमोर झालं?

आमच्याकडे नोकरीसाठी आलेला प्रत्येक बायोडाटा कटिंग मास्तरांना वाचून दाखवायची पद्धत पडली होती. कुणी ठरवून पाडलेली नव्हे. मास्तर कटिंगच्या टेबलाशी उभे, मी पलीकडे स्टुलावर, हातात मोबाइल. इंग्रजीत लिहिलेलं मी मराठीत सांगत जायची आणि ते कापडावर खडूनं मार्किंग करता करता ऐकायचे. खडू थांबला की समजायचं, आता प्रश्न येणार. बहुतेक वेळा प्रश्न एकच असायचा. “हे त्यानं केलं, की त्याच्यासमोर झालं?”

माणसं निवडण्याचं काम आज माझ्याकडे आहे, आणि त्यातलं जे काही मला जमतं ते या प्रश्नातून आलेलं आहे. मास्तर आता विडी घरकुलात लेकाकडे असतात, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून कात्री धरत नाहीत. त्यांचं देणं मी फेडू शकत नाही. निदान ते कशाचं आहे एवढं तरी नीट लिहून ठेवावं.

आधी आमचं काम सांगते. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते, पण इथं शालेय गणवेश शिवणारे कारखानेही भरपूर आहेत, आणि त्यांचा माल महाराष्ट्राबाहेरही जातो. आमच्या दोघा मालकांनी, तेव्हा दोघंही तिशीच्या आतले, एक कंपनी काढली. शाळेकडून ऑर्डर घ्यायची, मुलांची मापं गोळा करायची, कापड मागवायचं, कटिंग आपल्याकडे करून शिलाई लहान-लहान युनिटांना वाटून द्यायची, आणि प्रत्येक मुलाच्या नावाचं पाकीट करून शाळेत पोचवायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मापं, एप्रिल-मेमध्ये शिलाई, जूनच्या पहिल्या आठवड्यात पोच. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, तिथं तारीख सरकत नाही. सुरुवातीला आम्ही सगळे मिळून आठ-नऊ जण होतो.

अशा ठिकाणी एका विषयाचा जाणकार ठेवता येत नाही. तो महाग असतो म्हणून नव्हे, त्याला दिवसभराचं काम नसतं म्हणून. वसुलीचं काम असतं दीड तास, ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलायचं अर्धा तास, एक्सेल तासभर, मुख्याध्यापकांची समजूत काढायची ती वेळ सांगता येत नाही. हे सगळं एकाच माणसाला करावं लागतं, आणि त्यातलं निम्मं त्यानं आधी कधी केलेलं नसतं. अशा माणसाला मालक ‘जनरलिस्ट’ म्हणायचे. मोठ्या कॉलेजचं किंवा मोठ्या कंपनीचं नाव बायोडाटावर असलं तर ते नाव एक गोष्ट नक्की सांगतं: हा माणूस लावून दिलेल्या घडीत चालू शकतो. आमच्याकडे घडीच नव्हती, ती बसवायला माणूस हवा होता. त्या कामासाठी ते नाव काहीच सांगत नाही, ना बाजूनं ना विरुद्ध.

हे मला पटायला वेळ लागला नाही, कारण मी स्वतः नावाशिवायच आत आले होते. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यावर सुटलं होतं. आई एका गणवेशाच्या कारखान्यातून काज-बटनाचं आणि धागे काढायचं काम घरी आणायची. नगावर पैसे. गठ्ठे आणायचे-न्यायचे माझ्याकडे होतं आणि नग मी एका वहीत मांडून ठेवायची: तारीख, किती शर्ट आले, किती गेले, किती बटन-तुटके परत आले. दिवाळीच्या हिशेबाला कारखान्याचा आकडा आणि माझा आकडा जुळेना. तिथले दिवाणजी म्हणाले, घरच्या वहीला कोण विचारतं. टेबलाशी मास्तर उभे होते. त्यांनी वही मागून घेतली, त्यांना आकडे आणि मराठी तेवढं वाचता यायचं. त्यांनी पानं उलटून बघितली आणि तिथल्या मालकांना एकच सांगितलं, “तुटके नग स्वतःहून लिहिलेत हिनं. स्वतःच्या विरुद्धचं लिहिलंय. हिला आत घ्या.” चलनं लिहायला मला आत घेतलं. पुढं मास्तर ह्या नव्या कंपनीत आले, तेव्हा येताना मलाही घेऊन आले.

त्या वाक्याचा अर्थ मला नंतर, दुसऱ्यांचे बायोडाटे वाचताना उलगडला. काम आपलं मानणारा माणूस ओळखायची ती अगदी नेमकी खूण होती. ज्याला फक्त पैसे घ्यायचे असतात तो गेलेले नग लिहितो. काम आपलं मानणारा परत आलेलेही लिहितो.

मास्तर घरी तेलुगू बोलायचे, बाहेर सोलापुरी मराठी. घराणं विणकरांचं, वडील मागावर. ते स्वतः सातवी. त्यांनी आयुष्यभर कारागीर निवडले होते, आणि कारागिराकडे कागद नसतो. आमच्याकडे मात्र कागदांचा पाऊस. एका जागेसाठी जाहिरात टाकली की दोनशेच्या आसपास बायोडाटे यायचे, आणि त्यातले निम्मे एकाच साच्यातले. वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ म्हणून तीन ओळी, ज्या झेरॉक्सच्या दुकानातल्या काँप्युटरवर आधीच असतात. मग टक्केवारीचा तक्ता. मग ‘हॉबीज’: क्रिकेट, गाणी ऐकणे. शेवटी, वरील माहिती सत्य आहे असं प्रतिज्ञापत्र आणि सही. मास्तर म्हणायचे, “हे तर मापाचं पत्रक झालं. पोरगा कुठाय?”

पोरगा साच्याच्या बाहेर असतो. आमच्या भागातली मुलं खरी कामं बायोडाटात लिहीतच नाहीत, हे माझ्या लक्षात येत गेलं. बापाचं किराणा दुकान चार वर्षं संध्याकाळी सांभाळलं, उधारीची वही चालवली, हे त्यांना ‘अनुभव’ वाटत नाही. गड्ड्याच्या जत्रेत महिनाभर स्टॉल लावला, तो तर नाहीच नाही. पगाराची स्लिप मिळाली तरच अनुभव. म्हणून मी बायोडाटा वाचताना आधी लिहिलेलं वाचते आणि मग मोकळ्या जागा बघते. शिक्षण संपलं 2019 ला, पहिली नोकरी 2021 ला, मधे काय होतं? मोठ्या शहरातले लोक अशा मोकळ्या जागेला डाग समजतात. मी फोन लावते.

2023 च्या जानेवारीत आम्ही असाच एक जनरलिस्ट शोधत होतो. शेवटी तीन बायोडाटे टेबलावर उरले. त्यांची ओळख पटू नये एवढी काळजी घेऊन सांगते.

पहिला पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीतला. एमबीए, नामांकित संस्था. आईवडील सोलापुरात म्हणून परत यायचं होतं. बायोडाटा देखणा. त्यात एक ओळ होती, ‘प्रक्रियेत सुधारणा करून वेळेत 30 टक्के बचत.’ मी वाचलं, खडू थांबला. “तीस टक्के कशाचे? आणि किती जणांनी मिळून?” मी फोनवर हेच विचारलं. चाळीस जणांची टीम, सल्लागार कंपनीनं आखलेला बदल, ह्यानं आठवड्याचा अहवाल सांभाळला होता. अहवाल चांगलाच सांभाळला असणार, खोटं काहीच नव्हतं. पण मास्तरांच्या भाषेत ते त्याच्यासमोर झालं होतं. ‘सहभाग’, ‘समन्वय’, ‘योगदान’ असे शब्द दिसले की मी पेन्सिलनं त्याखाली रेघ मारते. नाकारायला नव्हे, विचारायला. तो माणूस तिथं नसता तर नेमकं काय झालं नसतं, एवढंच विचारायचं असतं. ज्यानं खरंच केलेलं असतं तो ह्या प्रश्नावर खुलतो, तपशील थांबवत नाही. दुसऱ्याला मोघम व्हावं लागतं.

दुसरा बायोडाटा भारी पसरलेला. चार वर्षांत सहा ठिकाणं: विमा, कॉल सेंटर, ऑनलाइन शिकवण्या विकणारी कंपनी, स्वतःचं क्लाउड किचन, एका आमदाराची प्रचार टीम, परत विमा. जनरलिस्ट म्हणून जाहिरात दिली की असे बायोडाटे येतातच, आणि पहिल्या वाचनात ते मोहात पाडतात. किती काय काय केलंय! इथं दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. एक, ठिकाण त्यानं सोडलं की ठिकाणानं त्याला. ऑनलाइन शिकवण्यांच्या कंपन्यांनी 2022 मध्ये देशभर माणसं कमी केली. ती नोकरी सात महिन्यांत संपली ह्याचा दोष त्याच्यावर लावणं अन्याय झाला असता. दुसरी गोष्ट मात्र त्याच्याकडेच होती: तो गेल्यावर तिथं काय उरलं? एखादा तक्ता, गिऱ्हाइकांची यादी, कामाची एखादी रीत, शिकवून तयार केलेला माणूस, काहीही. क्लाउड किचनचं मी खोदून विचारलं, कारण ते त्याचं स्वतःचं होतं. एका प्लेटला खर्च किती यायचा ते त्याला सांगता आलं नाही. बंद का पडलं, तर ‘मार्केट नव्हतं.’

तिसरी मुलगी. बी.कॉम., इथल्याच कॉलेजची, सेकंड क्लास. साचा तोच झेरॉक्सच्या दुकानाचा, हॉबीजसकट. दोन वर्षांची मोकळी जागा, मग एका सीएच्या ऑफिसात डेटा एंट्री. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात, ‘मामाच्या टॉवेल व्यवसायात मदत.’ मी ती ओळ वाचून पुढं जायला लागले तर मास्तर म्हणाले, “काय सांगलालीस, परत सांग. कधी?” 2020 आणि 2021. “लॉकडाउनात टॉवेल कोण घेतलं? विचार तिला.”

विचारलं. लॉकडाउनात व्यापारी येणं बंद झालं आणि मामाचा माल गोदामात पडून राहिला. हिनं मोबाइलवर फोटो काढून तो ऑनलाइन विकायला लावला. कुणी सांगितलं नव्हतं. ऑर्डरी आल्या, पण शंभर पाकिटं गेली की तीस-एक परत यायची, आणि परत येणाऱ्या पाकिटाचं जायचं-यायचं दोन्ही भाडं अंगावर. मामा म्हणाले, बंद कर. हिनं परत आलेल्या पाकिटांचे नंबर काढून गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावले. बरेच जण शिव्या देत होते, काहींनी सांगितलं: टॉवेल फोटोत मोठा दिसला, हातात आला तो लहान. टॉवेल 27 बाय 54 इंचांचा होता आणि आकार लिहिलेलाही होता, पण फोटोत तो नुसता दोरीवर, शेजारी काही नाही. आकार कळणार कसा? हिनं धाकट्या भावाला टॉवेल गुंडाळून उभं केलं आणि तो फोटो लावला. मामांना वाटलं विक्री पडेल. विक्री थोडी पडलीच, पण परत येणारी पाकिटं निम्म्याहून कमी झाली आणि धंद्यात पैसे उरायला लागले.

खडू परत चालू झाला. मास्तर काही बोलले नाहीत.

बायोडाटाचं काम इथं संपतं आणि त्यानं इथंच संपावं. कागद फक्त कुणाला बोलवायचं ते सांगतो, कुणाला घ्यायचं ते सांगत नाही. मास्तर कारागिराला नमुना शिवायला द्यायचे आणि त्या वेळेचे पैसेही द्यायचे, फुकट नमुना शिवून घेणाऱ्या कारखान्यांचा त्यांना राग होता. तेच आम्ही ऑफिसच्या कामाला लावलं. तिघांनाही एका शाळेचं मापाचं पत्रक दिलं, नावं बदलून. चारशे बारा मुलं. त्यात मुद्दाम नव्हे, खरोखरच घोटाळे होते: एकोणीस मुलांची मापं कोरी, आणि तिसरीतल्या चौघांची छाती 38 इंच लिहिलेली. काम असं: उद्या कटिंग सुरू करायचं आहे, साइजप्रमाणे यादी करा आणि शाळेला काय कळवायचं ते लिहा. दुपारी बाराला दिलं, संध्याकाळी सहापर्यंत वेळ, एक हजार रुपये मेहनताना.

दुसऱ्या उमेदवारानं तासाभरात पाठवलं. वेग बघून मालक खूश झाले. मी यादी बघितली तर एकही कोरी जागा नव्हती. त्यानं वर्गाची सरासरी काढून एकोणीसही मापं भरून टाकली होती, आणि कुठंही तसं लिहिलेलं नव्हतं. पुण्याच्या उमेदवारानं दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवलं. सुरेख सादरीकरण, तीन टप्प्यांची योजना, पुढच्या वर्षी मापं कशी घ्यावीत ह्याची सूचनाही. सूचना इतकी चांगली होती की आम्ही ती पुढं वापरली. यादी मात्र अर्धवट, कारण ‘माहिती अपूर्ण असल्यानं.’

मुलीचा पहिला मेसेज साडेबाराला आला. प्रश्न होता: “कापड आलंय का, की मागवायचंय?” म्हणजे यादी कशासाठी हवी आहे हे तिला आधी समजून घ्यायचं होतं. अडीच वाजता कच्ची यादी आली. चार वाजता दोन याद्या आल्या. एक, 389 मुलांची, ‘ही उद्या कापायला हरकत नाही.’ दुसरी तेवीस मुलांची, ‘ही थांबवा.’ शाळेला पाठवायचा मजकूर चार ओळींचा, त्यात तेवीस नावं आणि ‘उद्या दुपारी दोनपर्यंत कळवावे, न कळल्यास मी स्वतः शाळेत येऊन मापं घेईन.’ तिला अजून नोकरीही लागलेली नव्हती, तरी ‘मी स्वतः येऊन’.

मी मास्तरांना तिन्ही वाचून दाखवलं. सरासरीचं ऐकून त्यांनी कात्री खाली ठेवली. “हा हुशार हाय. हुशार माणूस असं करतो तेव्हा कापड जातं.” तोवर मी वेगाकडे घड्याळानं बघत होते. काम लवकर संपणं म्हणजे वेग नव्हे, हे त्या दिवशी स्पष्ट झालं. पहिला कामाचा प्रश्न किती लवकर येतो, पहिली कच्ची यादी किती लवकर समोर येते, आणि जे पक्कं आहे ते जे पक्कं नाही त्यापासून किती लवकर वेगळं काढलं जातं, वेग तिथं दिसतो. तेवीस जणांपायी 389 अडवून ठेवणारा मंद. तेवीस जणांना सरासरीत बुडवणारा धोकादायक.

ह्या विषयावरचं संशोधन मी नंतर वाचलं, मालकांना पटवायला. श्मिट आणि हंटर ह्या अमेरिकी संशोधकांनी 1998 मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं, की शिक्षणाची वर्षं किती हे बघून पुढच्या कामाचा अंदाज जवळजवळ लागत नाही, प्रत्यक्ष कामाचा नमुना बघून बराच लागतो. 2022 मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच गणित नव्यानं तपासलं. तेव्हा नमुन्याचं वजन बरंच खाली आलं, आणि सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारून घेतलेली मुलाखत वर आली. म्हणून आता आम्ही दोन्ही करतो, आणि नमुन्यालाही देव मानत नाही. सहा तासांच्या नमुन्यात सहा महिन्यांचा कंटाळा दिसत नाही. तो विचारायचा आधीच्या साहेबाला, एकाच प्रश्नानं: “हा गेल्यावर तुमचं कोणतं काम अडलं?” साहेब क्षणभरही न थांबता एखादं काम सांगतो, किंवा ‘मुलगा चांगला होता’ म्हणतो. दुसऱ्या उत्तराचा अर्थ आपण लावायचा.

एक गोष्ट मास्तरांना कधी सांगावी लागली नाही, आम्हाला मात्र नियम करून पाळावी लागते. मी त्यांना वाचून दाखवायची तेव्हा नाव वाचायची नाही, कारण त्यांनी ते कधी विचारलंच नाही. सोलापुरात आडनाव कळलं की जात, धर्म, पेठ आणि घरची भाषा एका दमात कळते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल ह्यांनी 2007 मध्ये मांडलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: तोलामोलाची पात्रता, फक्त नावं वेगळी, असे अर्ज भारतातल्या खासगी कंपन्यांना पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला साधारण दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश निघाली. आम्ही कॉलेजचं नाव बाजूला ठेवतो म्हणून स्वतःला फार उदार समजू नये, आडनाव वाचलं जात असेल तर काहीच बाजूला ठेवलेलं नसतं. आता आमच्याकडे एक जण बायोडाट्यांवरचं नाव, फोटो आणि पत्ता झाकतो, आणि दुसरा वाचतो.

आणि एक शंका, जी मला अजून सुटलेली नाही. अनेक क्षेत्रांत हात घातलेला माणूस म्हणून सोलापुरात ज्यांचं नाव पहिलं निघेल ते वालचंद हिराचंद, जन्म 1882, इथलाच. कॉलेज अर्ध्यावर सोडलं, रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटं घेतली, पुढं 1919 मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी, मग साखर, 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, 1944 मध्ये मोटारींचा. हा बायोडाटा कुणी पाठवला असता तर आजचा अधिकारी म्हणाला असता, माणूस एका जागी टिकत नाही. मालकांना हे उदाहरण फार आवडायचं. पण वालचंदांच्या घरी पेढी होती. पडलो तर घर उभं आहे, ही खात्री असलेला माणूस दहा गोष्टी करून बघतो. विड्या वळणाऱ्या बाईचा मुलगा मिळालेली एक नोकरी घट्ट धरून ठेवतो, आणि त्याच्या बायोडाटात वैविध्य दिसत नाही. म्हणजे कॉलेजचं नाव आपण दारातून बाहेर काढलं, आणि ‘विविध अनुभव’ म्हणून घरचा पैसा खिडकीतून आत आला, असं होऊ शकतं. बिनपगारी इंटर्नशिप, सहा महिन्यांचा प्रवास, वडिलांच्या पैशानं काढलेला स्टार्टअप हे सगळं त्यातच. म्हणून एकाच नोकरीत पाच वर्षं काढलेल्याला मी विचारते, तिथं तुझ्या कामात नसलेलं काय काय तुझ्या गळ्यात पडलं? तिथं खरा विस्तार सापडतो. एका हॉस्पिटलच्या नुसत्या रिसेप्शनवरच्या मुलीनं विम्याचे अडकलेले दावे, जनरेटरवाला आणि औषधांचा साठा, तिन्ही सांभाळलेले निघाले. बायोडाटात होतं, ‘रिसेप्शनिस्ट’.

टॉवेलवाली मुलगी आमच्याकडे लागली. तिच्यामुळं काय काय झालं ते सांगत बसत नाही, काय बिघडलं ते सांगते, कारण ते निवडीतच दडलेलं होतं. काम आपलं मानणारा माणूस सगळंच आपलं मानतो. दुसऱ्या हंगामापर्यंत शाळांचे फोन, कापडाचे भाव, कोणत्या युनिटची शिलाई कुठं कच्ची हे सगळं तिच्या डोक्यात, कागदावर काही नाही. मे महिन्यात तिला टायफॉइड झाला आणि दहा दिवस आम्ही आंधळे. तेव्हापासून निवडतानाच मी विचारते, तुझं काम दुसऱ्याला शिकवलंस का, आणि ते कशावर लिहून दिलंस? आणि काही कामांना असा माणूस लावायचाच नाही हेही ठरवलं. जीएसटीची विवरणं दर महिन्याला 11 आणि 20 तारखेला ठरलेली असतात. तिथं झटपट शिकणारा नको, तेच काम वर्षानुवर्षं न चुकता करणारा हवा. ते काम आम्ही बाहेर दिलं. कटिंगलाही नकोच. मास्तरांच्या जागेवर मास्तरांसारखाच माणूस लागतो, आणि तो शोधायला आम्हाला वर्ष लागलं.

मागच्या महिन्यात विडी घरकुलात गेले होते. नव्या जागेसाठी आलेले चार बायोडाटे सोबत होते, सवयीनं वाचून दाखवले. तिसऱ्याला त्यांनी थांबवलं. मुलानं लिहिलं होतं, ‘2022, आईचा शेंगाचटणीचा व्यवसाय, आठवड्याला 40 किलो, तीन दुकानं, एका दुकानाची उधारी बुडाली.’ मास्तर म्हणाले, “बुडालेलं लिवलंय.” त्या मुलाला आम्ही बोलावलं.

तेव्हा सोलापुरात किंवा आसपासच्या तालुक्यात बसून जो कुणी आता बायोडाटा लिहितोय, त्यानं माझ्यासाठी एवढं करावं. ऑब्जेक्टिव्ह, हॉबीज आणि प्रतिज्ञापत्र काढून टाका. त्या मोकळ्या झालेल्या जागेत घरच्या दुकानाचं, शेतमालाच्या गाडीचं, मंडळाच्या वर्गणीचं, मामाच्या टॉवेलचं लिहा: कधी, किती, तुम्ही स्वतः काय केलं, काय बुडालं आणि मग काय केलंत. इंग्रजी येत नसेल तर मराठीत लिहा. आम्ही वाचतो.